सबस्क्रिप्शनचे पैसे खात्यातून जातच राहिले तर: ऑटो-डेबिटची परवानगी रद्द कशी करावी

थोडक्यात

- ॲप मोबाइलमधून काढून टाकल्याने किंवा कंपनीकडे सबस्क्रिप्शन बंद केल्याने बँकेला दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी आपोआप संपेलच असे नाही. ती वेगळी रद्द करावी लागते.
- परवानगी रद्द करण्याचा अधिकार तुमचा आहे. त्यासाठी कंपनीची संमती लागत नाही.
- आधी परवानगी कोणत्या मार्गाने दिली आहे ते ओळखा: कार्ड, यूपीआय की बँक खात्यावरील NACH. प्रत्येकाची जागा वेगळी आहे.
- पुढच्या वजावटीचा संदेश येण्यापूर्वीच परवानगी रद्द करणे सर्वांत सुरक्षित.
- पुढचे पैसे थांबवणे आणि गेलेले पैसे परत मागणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम बँकेकडे होते, दुसरे बहुतेक वेळा कंपनीकडे.

ऑटो-डेबिटची परवानगी म्हणजे काय?

एखादे ॲप, ऑनलाइन वर्ग, वर्तमानपत्र किंवा चित्रपटांची सेवा घेताना आपण एकदा ओटीपी किंवा पिन टाकतो. त्यानंतर दर महिन्याला पैसे आपोआप जातात. त्या एका ओटीपीने आपण बँकेला सांगितलेले असते की, या कंपनीने मागणी केली की ठरलेल्या मर्यादेपर्यंत माझ्या खात्यातून पैसे द्यावेत. या परवानगीला बँकेच्या भाषेत मँडेट म्हणतात.

मँडेटची नोंद बँकेकडे असते. मोबाइलमधील ॲप हे फक्त सेवा वापरण्याचे दार आहे. दार काढून टाकले तरी बँकेतील नोंद तशीच राहते आणि ठरलेल्या तारखेला कंपनीची मागणी आली की बँक पैसे देते. म्हणून “मी तर ते ॲप केव्हाच काढून टाकले, तरी पैसे कसे जातात?” हा प्रश्न इतक्या लोकांना पडतो.

रिझर्व्ह बँकेने कार्डावरील अशा व्यवहारांसाठी २१ ऑगस्ट २०१९ रोजी नियम काढले. पुढे ते यूपीआयलाही लागू झाले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून या नियमांत न बसणारी जुनी ऑटो-डेबिट पद्धत बंद झाली. सध्या १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची वजावट दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. साधे मासिक सबस्क्रिप्शन १५,००० रुपयांच्या आतच असते, त्यामुळे पैसे जाताना फोनवर ओटीपी येत नाही आणि वजावट लक्षात येत नाही.

एक उदाहरण

समजा, पुण्यातून निवृत्त झालेल्या एक आजी आता बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये लेकीकडे राहतात. पेन्शनचे खाते पुण्यातील शाखेतच आहे. त्यांनी ५ जुलैला एका योगवर्गाच्या ॲपमध्ये “सात दिवस फक्त १ रुपया” अशी जाहिरात पाहून डेबिट कार्ड दिले आणि ओटीपी टाकला. वर्ग आवडला नाही, म्हणून ऑगस्टच्या शेवटी ॲप काढून टाकले. ८ नोव्हेंबरला लेकीने खात्याचे विवरण पाहिले, तेव्हा १२ जुलै, १२ ऑगस्ट, १२ सप्टेंबर आणि १२ ऑक्टोबर अशा चार तारखांना प्रत्येकी ७९९ रुपये, म्हणजे एकूण ३,१९६ रुपये गेलेले दिसले. पुढची वजावट १२ नोव्हेंबरला होणार.

आजींपुढे दोन प्रश्न आहेत. १२ नोव्हेंबरचे पैसे कसे थांबवायचे? आणि आधीचे ३,१९६ रुपये परत मिळतील का? खालच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: परवानगी कोणत्या मार्गाने दिली ते ओळखा

पासबुक किंवा विवरणातील ती नोंद काढा. तारीख, रक्कम आणि कंपनीचे नाव एका कागदावर लिहून घ्या. मग नोंदीतील शब्द पाहा.

- नोंदीत कार्डाचा उल्लेख असेल किंवा `SI` असे लिहिले असेल, अथवा पैसे क्रेडिट कार्डाच्या बिलात दिसत असतील, तर परवानगी कार्डावर आहे.
- नोंद `UPI` या अक्षरांनी सुरू होत असेल, तर परवानगी यूपीआय ऑटोपेची आहे.
- नोंदीत `NACH` किंवा `ACH` असेल, तर परवानगी थेट बँक खात्यावर आहे. कर्जाचे हप्ते, विमा आणि एसआयपी बहुधा याच मार्गाने जातात. काही जिम आणि शिकवण्याही हाच मार्ग वापरतात.

नोंदीतील नाव ओळखीचे नसेल तर लगेच फसवणूक समजू नका. तुम्ही सबस्क्रिप्शन ॲप स्टोअरमधून घेतले असेल तर विवरणात ॲपचे नाव न येता स्टोअरचे नाव येते. काही वेळा ॲपमागील कंपनीचे किंवा मधल्या पेमेंट कंपनीचे नाव येते. रक्कम आणि तारीख तुमच्या ई-मेलमधील पावत्यांशी जुळवून पाहिली की बहुधा उलगडा होतो.

आजींच्या विवरणात डेबिट कार्डाचा उल्लेख आहे. म्हणजे त्यांचे मँडेट कार्डावर आहे.

पायरी २: परवानगी रद्द करा

*कार्डावरील मँडेट*

बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा मोबाइल ॲपमध्ये कार्डाच्या विभागात जा. तेथे `Standing Instructions`, `e-Mandate`, `Manage Mandates` किंवा `Recurring Payments` अशा नावाचे पान असते. त्यावर चालू असलेल्या सर्व परवानग्या कंपनीच्या नावासह दिसतात. हवी ती निवडा आणि `Cancel` किंवा `Delete` करा. रद्द करतानाही बँक ओटीपी मागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमातच तशी अट आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

अनेक बँकांनी हे काम स्वतःच्या ॲपमध्ये न ठेवता वेगळ्या संकेतस्थळावर दिलेले असते. अशा वेळी बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यानेच तेथे जा. शोधयंत्रात नाव टाकून मिळालेल्या पहिल्या पानावर कार्डाचा क्रमांक टाकू नका.

ऑनलाइन जमत नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा आणि तक्रार किंवा विनंतीचा क्रमांक मागून घ्या. या सुविधेसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही.

*यूपीआय ऑटोपे*

ज्या यूपीआय ॲपमधून परवानगी दिली होती ते उघडा. प्रोफाइल किंवा सेटिंग्जमध्ये `AutoPay` किंवा `Mandates` असा विभाग असतो. चालू परवानग्यांच्या यादीतून कंपनी निवडा आणि `Revoke`, `Cancel` किंवा `Delete` यांपैकी जे बटण असेल ते दाबा. त्यानंतर यूपीआय पिन टाकावा लागतो. काही ॲपमध्ये `Pause` हा पर्यायही असतो. त्याने वजावट काही काळ थांबते, परवानगी मात्र जिवंत राहते. कायमचे थांबवायचे असेल तर `Pause` पुरेसे नाही.

यादी पाहताना एक गोष्ट गोंधळात टाकते. परवानगीसमोर बहुधा कमाल मर्यादेची रक्कम लिहिलेली असते. १९९ रुपयांच्या सेवेसमोर १५,००० रुपये दिसू शकतात. याचा अर्थ १५,००० रुपये जाणार असा नाही. पण कंपनीने दर वाढवला तर त्या मर्यादेपर्यंत नव्याने पिन न मागता पैसे जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

जुना फोन किंवा जुने ॲप आता वापरात नसेल तर तेच ॲप त्याच मोबाइल क्रमांकाने पुन्हा बसवून पाहा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२५ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार ग्राहकाला आपल्या परवानग्या इतर यूपीआय ॲपमध्येही पाहता येण्याची सोय करायची आहे, त्यामुळे सध्या वापरत असलेल्या ॲपमध्येही शोधा. तरीही सापडली नाही तर ज्या बँकेच्या खात्यातून पैसे जातात त्या बँकेला कळवा.

*बँक खात्यावरील NACH*

नेटबँकिंगमध्ये `NACH`, `e-NACH` किंवा `Mandate` हा विभाग पाहा. तेथे प्रत्येक परवानगीसमोर `UMRN` नावाचा लांब क्रमांक असतो. ती त्या परवानगीची ओळख आहे. ऑनलाइन रद्द करण्याची सोय नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जात खाते क्रमांक, कंपनीचे नाव, `UMRN` आणि शेवटच्या वजावटीची तारीख व रक्कम लिहा. क्रमांक माहीत नसेल तर विवरणातील ती नोंद अधोरेखित करून त्याची प्रत जोडा, बँकेला क्रमांक शोधता येतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

खाते पुण्यात आणि तुम्ही मल्लेश्वरममध्ये असाल तर आधी त्याच बँकेच्या जवळच्या शाखेत विचारा. शाखेने मूळ शाखेकडे जायला सांगितले तर अर्ज नोंदणीकृत ई-मेलवरून मूळ शाखेला पाठवा आणि ग्राहक सेवेकडे विनंती क्रमांक नोंदवा. बेंगळुरूच्या शाखेत अर्ज इंग्रजी किंवा कन्नडमध्ये दिल्यास काम लवकर होते.

कर्जाच्या हप्त्याचे मँडेट मात्र असे रद्द करू नका. मँडेट रद्द झाले तरी कर्ज तसेच राहते आणि हप्ता दुसऱ्या मार्गाने भरावाच लागतो.

पायरी ३: २४ तासांचा नियम समजून घ्या

कार्ड आणि यूपीआयवरील परवानगीतून पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला संदेश पाठवणे बंधनकारक आहे. त्या संदेशात कंपनीचे नाव, रक्कम, वजावटीची तारीख व वेळ, संदर्भ क्रमांक आणि कशासाठी पैसे जाणार हे लिहिलेले असते. ती एक वजावट नाकारण्याची किंवा पूर्ण परवानगी रद्द करण्याची सोयही तेथूनच मिळायला हवी. फास्टॅग आणि नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड यांच्या आपोआप भरण्याला या संदेशातून सूट आहे.

येथे वेळ महत्त्वाची ठरते. नियमातच एक अपवाद आहे: संदेश पाठवून झाल्यानंतर आणि पैसे जाण्यापूर्वीच्या काळात तुम्ही मँडेट रद्द केले, तर त्या आधीच वाटेत असलेल्या एका व्यवहाराचे पैसे जाऊ शकतात. त्यापुढचे जाऊ शकत नाहीत.

आजींच्या बाबतीत १२ नोव्हेंबरच्या वजावटीचा संदेश उशिरात उशिरा ११ तारखेला येईल, कदाचित आधीही येईल. लेकीने ८ तारखेलाच बँकेच्या पानावर जाऊन मँडेट रद्द केले, तर १२ तारखेची मागणी बँक परत पाठवेल. तिने ११ तारखेच्या संध्याकाळी, संदेश आल्यावर हे केले, तर मँडेट रद्द होऊनही एकदा ७९९ रुपये जाण्याची शक्यता राहते. तेव्हा संदेश आधीच आला असेल तर त्या संदेशातील पर्यायाने ती वजावटही नाकारा आणि मँडेटही रद्द करा.

मग आजींना चार महिने संदेश का दिसले नाहीत? परवानगी देताना संदेश एसएमएसने हवा की ई-मेलने हे ग्राहक निवडू शकतो. आजींच्या खात्याला नोकरीच्या काळातील ई-मेल जोडलेला होता आणि संदेश तेथेच जात होते. हा पर्याय नंतरही बदलता येतो. मँडेट रद्द करताना बाकीच्या परवानग्यांचे संदेश आजच्या मोबाइल क्रमांकावर येतात ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

NACH साठी हा २४ तास आधीच्या संदेशाचा नियम लागू नाही. तेथे संदेशाची वाट पाहू नका. वजावटीच्या तारखेच्या काही कामकाजाचे दिवस आधीच अर्ज द्या.

पायरी ४: कंपनीकडेही बंद करा आणि पुरावा ठेवा

बँकेत मँडेट रद्द केल्याने पैसे जाणे थांबते. कंपनीशी झालेला सबस्क्रिप्शनचा करार मात्र कंपनीच्या नोंदीत चालू दिसू शकतो आणि ती थकबाकीची मागणी करू शकते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडून सबस्क्रिप्शन बंद करा. ॲप स्टोअरमधून घेतले असेल तर स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन बंद करा. बंद करण्याचे बटण सापडत नसेल तर कंपनीच्या पत्त्यावर दोन ओळींचा ई-मेल पाठवा: अमुक तारखेपासून सेवा बंद करावी, यापुढे माझ्याकडून रक्कम वसूल करू नये. ई-मेलची तारीख हा पुढे तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

जपून ठेवायच्या गोष्टी तीन आहेत. मँडेट रद्द झाल्याचा बँकेचा संदेश किंवा पडद्याचे छायाचित्र, कंपनीला पाठवलेला ई-मेल, आणि पुढच्या वजावटीच्या तारखेनंतर काढलेले विवरण. मँडेट रद्द झाले की नाही हे त्या तिसऱ्या कागदावरच कळते. आजींच्या लेकीने १३ नोव्हेंबरला विवरण पाहावे.

रद्द करूनही पैसे गेले तर

समजा, ८ नोव्हेंबरला मँडेट रद्द झाल्याचा संदेश आला, नोव्हेंबरमध्ये पैसे गेले नाहीत, पण १२ डिसेंबरला पुन्हा ७९९ रुपये गेले. आता हा फक्त कंपनीशी असलेला वाद राहत नाही. तुम्ही काढून घेतलेली परवानगी वापरून बँकेने पैसे दिले आहेत, म्हणून तक्रार बँकेकडे करायची.

त्याच दिवशी बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. उशीर झाला तरी तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवाच. परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेले ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचे नियम ई-मँडेटच्या व्यवहारांनाही लागू आहेत. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो.

तक्रारीत गोष्ट लांबवू नका. मँडेट रद्द केल्याची तारीख, त्याचा संदर्भ क्रमांक, त्यानंतर झालेल्या वजावटीची तारीख व रक्कम, आणि “ही रक्कम परत जमा करावी” ही मागणी, एवढे पुरे.

बँकेने तक्रार फेटाळली, दिलेले उत्तर समाधानकारक नसले किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आजींनी १२ डिसेंबरला तक्रार केली असेल आणि उत्तर आले नसेल, तर १२ जानेवारीपासून त्यांचा हा मार्ग खुला होतो. बँकेला न कळवता थेट लोकपालाकडे गेल्यास तक्रार स्वीकारली जात नाही. १२ नोव्हेंबर २०२१ पासून लोकपाल योजना देशभर एकच आहे, त्यामुळे खाते पुण्यात आणि तक्रारदार बेंगळुरूमध्ये असला तरी कोणत्या शहरातील कार्यालय हा प्रश्न उरत नाही. तक्रार `cms.rbi.org.in` येथे नोंदवता येते. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते.

आधी गेलेले पैसे परत मिळतात का?

येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आजींनी ५ जुलैला स्वतः ओटीपी टाकला, बँकेने दर महिन्याला संदेश पाठवला, आणि त्यांनी कंपनीला सेवा बंद करा असे कळवले नव्हते. अशा स्थितीत चार महिन्यांचे ३,१९६ रुपये बँक परत करेल असे नाही. बँकेने नियम पाळलेला आहे. ॲप काढून टाकणे म्हणजे सेवा बंद करणे, असे बँकही धरत नाही आणि कंपनीही.

चित्र बदलते ते दोन प्रसंगी. पहिला, बँकेने नियम मोडला असेल: २४ तास आधीचा संदेश कोणत्याच मार्गाने पाठवला नसेल, किंवा परवानगी देताना ठरलेल्या कमाल रकमेपेक्षा जास्त पैसे गेले असतील. तेव्हा वर दिलेली बँकेकडील तक्रारीची वाट वापरा. दुसरा प्रसंग, कंपनीने सेवा बंद करणेच अवघड करून ठेवले असेल.

दुसऱ्या प्रसंगासाठी ग्राहक कायद्याचा आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरील युक्त्या, यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि त्यांतील एक सबस्क्रिप्शनचा सापळा हा आहे. रद्द करण्याची प्रक्रिया अशक्य किंवा किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, मोफत सेवेसाठीही कार्डाची माहिती किंवा ऑटो-डेबिटची परवानगी घ्यायला लावणे, आणि रद्द करण्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे, हे सर्व त्यात येते.

आजींनी ॲप काढण्यापूर्वी बंद करण्याचे बटण शोधले होते का, ते सापडले नाही का, याची आता आठवण करून लिहून काढावी. त्या पानांची छायाचित्रे घ्यावीत. आधी कंपनीला परताव्याची लेखी मागणी करावी. उत्तर मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तडजोड घडवते, ती निकाल देत नाही. तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, म्हणून आजींना त्यासाठी पुण्याला किंवा कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

या चुका टाळा

*खाते रिकामे ठेवणे.* पैसे नसले की वजावट होणार नाही, हे खरे. पण परवानगी जिवंत राहते, कंपनी पुन्हा मागणी करते आणि बँक परत गेलेल्या मागणीसाठी दंड आकारू शकते. खात्यात पेन्शन जमा झाली की पुढची मागणी त्यातूनच जाते. NACH ने जाणारा कर्जाचा हप्ता असा परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली कारवाईही होऊ शकते.

*कार्ड बदलून घेणे एवढाच उपाय करणे.* नवे कार्ड आले की जुन्या कार्डावरील परवानग्या संपल्या असे गृहीत धरू नका. मँडेटच्या यादीत जाऊन पाहा आणि नाव दिसले तर रद्द करा.

*शोधयंत्रातून मिळालेल्या “कस्टमर केअर” क्रमांकावर फोन करणे.* पैसे परत मिळवण्याच्या घाईत असलेल्या माणसालाच ठग गाठतात. ते स्क्रीन शेअर करायला सांगतात किंवा “परताव्यासाठी” यूपीआय विनंती पाठवतात. येथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. मँडेट रद्द करताना पिन लागतो, पण तो तुम्ही स्वतः उघडलेल्या ॲपमध्ये, स्वतः दाबलेल्या `Revoke` किंवा `Cancel` बटणानंतर. बाहेरून आलेल्या विनंतीवर `Approve` किंवा `Pay` दिसत असेल आणि मग पिन मागितला जात असेल, तर पैसे जाणार आहेत. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बँक म्हणते, आधी कंपनीचे पत्र आणा. हे बरोबर आहे का?*
कार्ड आणि यूपीआयवरील मँडेट ग्राहकाला केव्हाही मागे घेता येते आणि त्यासाठी बँकेने ऑनलाइन सोय ठेवायची असते. कंपनीच्या पत्राची अट त्यात नाही. तुमची विनंती लेखी द्या आणि नकारही लेखी मागा.

*वर्षाचे पैसे एकदम गेले आहेत. मँडेट रद्द केल्यावर उरलेल्या महिन्यांचे मिळतील का?*
मँडेट रद्द केल्याने पुढच्या वर्षाची वजावट थांबते. चालू वर्षाचा परतावा कंपनीच्या अटींवर अवलंबून असतो. सेवा बहुधा मुदत संपेपर्यंत वापरता येते.

*मी अशी परवानगी कधीच दिली नव्हती. काय करावे?*
मग हे प्रकरण फसवणुकीचे असू शकते. बँकेला लगेच कळवून कार्ड किंवा यूपीआय बंद करून घ्या आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर किंवा `cybercrime.gov.in` येथे तक्रार नोंदवा.

*आईवडिलांच्या वतीने मी मँडेट रद्द करू शकतो का?*
ओटीपी आणि पिन खातेदाराचेच असतात, म्हणून त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच फोनवरून करणे योग्य. शाखेत द्यायच्या अर्जावर सही खातेदाराची लागते. अर्ज लिहून देणे आणि पोच आणणे हे काम घरातील कोणीही करू शकते.

उपयोगी संपर्क

- बँकेविरुद्ध तक्रार, बँकेकडून ३० दिवसांत निवारण न झाल्यास: `cms.rbi.org.in`, माहितीसाठी १४४४८
- टपालाने तक्रार: सेंट्रलाइज्ड रिसीट अँड प्रोसेसिंग सेंटर, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७
- कंपनीविरुद्ध तक्रार: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, `consumerhelpline.gov.in`
- फसवणूक झाल्यास: १९३०